पैठण सोडून पैठणी येवल्यात का रमली?

पैठणीला नाव दिलं गोदाकाठच्या पैठणनं. पण आज लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब पैठणीसाठी गाडी वळवतं ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याकडे. तिथे शहरात आणि नागडे, वडगाव, बल्हेगाव अशा आसपासच्या गावांत घरोघरी माग आहेत. गंमत अशी की पैठणीला लागणारा कच्चा माल येवल्यात फारसा होत नाही. रेशीम येतं बंगळूरकडून, जर येते सुरतेहून. रेशमाच्या किड्यांना खाऊ घालायला तुतीचे मळे फारसे नाहीत की जरीची तार ओढणारे कारखाने नाहीत. मग हा धंदा इथे का टिकला, इतका का वाढला आणि वाढूनही विणकराच्या हातात पैसा का थांबत नाही?

असे प्रश्न सोडवायला अर्थशास्त्रात एक चौकट वापरतात. हार्वर्डचे प्राध्यापक मायकल पोर्टर यांनी १९९० साली ती मांडली. एखाद्या प्रदेशातला एखादा उद्योग इतरांपेक्षा सरस का ठरतो, हे त्यांनी चार बाजूंनी तपासलं. पहिली बाजू जमीन, कौशल्य, भांडवल अशा साधनांची. दुसरी जवळच्या मागणीची. तिसरी नातं असलेल्या आणि आधार देणाऱ्या उद्योगांची. चौथी स्थानिक चुरशीची. सरकार आणि योगायोग बाहेरून या चारही बाजूंवर परिणाम करतात. चारी बाजू एकमेकींना जोडून आकृती काढली की ती हिऱ्यासारखी दिसते, म्हणून तिला पोर्टरचा हिरा म्हणतात. तिचा खरा उपयोग चार रकाने भरण्यात नाही. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूवर नीट पोचतो का, हे शोधण्यात आहे. सरकारी प्रकल्प अहवालांत मात्र बहुतेकदा रकानेच भरलेले दिसतात.

येवल्यात कौशल्य आहे याबद्दल वाद नाही, म्हणून साधनांच्या बाजूवर फार थांबत नाही. एवढंच सांगायला हवं की हे कौशल्य आता एका जातीपुरतं राहिलेलं नाही. खत्री, साळी, कोष्टी ही विणकामातली जुनी घराणी आहेतच, पण शेती बेभरवशाची झाल्यावर इतर समाजांतली मुलंही मागावर बसली. शिकणाऱ्यांचा ओघ असा बाहेरून येत राहिला तर धंदा पसरतो. मजुरी मात्र त्यामुळे खाली ओढली जाते. हा धागा पुढे लागेल.

मागणीची बाजू मोजताना पहिली चूक होते ती तिचा आकार मोजण्यात. पोर्टरच्या मते गिऱ्हाईक किती आहेत यापेक्षा ते किती चोखंदळ आहेत, हे महत्त्वाचं. जवळचं गिऱ्हाईक खोट काढणारं असेल तर कारागिराला हात सुधारावाच लागतो. पैठणीला असं गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्या होतं. पदर उलटा करून पाहणाऱ्या, बांगडी मोर कुठला आणि आसावली कुठली हे सांगणाऱ्या, काठ हातात धरून जर जोखणाऱ्या बायका घरोघरी असत. पदर उलटा करण्यामागे कारण आहे. पैठणीच्या पदरावरची नक्षी लहान लहान कांड्यांवर वेगवेगळ्या रंगांचं रेशीम घेऊन, एकेका रंगाचा बाणा त्याच्या जागेपुरता फिरवून, शेजारच्या रंगात अडकवत विणतात. त्यामुळे मोर पुढून दिसतो तसाच मागून दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत धागे मागच्या बाजूला लोंबतात किंवा कापलेले दिसतात. काठाचंही तसंच. हातमागावर दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक असे तीन धोटे चालतात, आणि काठ व अंग जिथे मिळतात तिथे बाणे एकमेकांत गुंफलेले असतात.

२००४ साली झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि पैठणी हे बक्षीस म्हणून रोज संध्याकाळी घराघरांत दिसू लागलं. २०२२ साली याच कार्यक्रमाच्या ‘महामिनिस्टर’ पर्वात अकरा लाखांच्या पैठणीचा गाजावाजा झाला. मागणी फुगली यात शंका नाही. शिर्डी येवल्यापासून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे दर्शन करून परतणारी गाडी येवल्याच्या दुकानासमोर थांबते. पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मराठी बायका व्हिडिओ कॉलवर साडी पाहून मागवतात. मात्र या नव्या गिऱ्हाइकाची नजर वेगळी आहे. मोबाईलच्या पडद्यावर रंग दिसतो, मोर दिसतो, पण जर कुठल्या प्रतीची आहे ते दिसत नाही. ताण्यात इंचाला किती धागे आहेत ते दिसत नाही. साडी हातात घेतल्यावर जाणवणारं वजन तर कळायचा प्रश्नच नाही. मागणी वाढत असताना चोखंदळपणा पातळ होत गेला. विश्लेषणाच्या भाषेत सांगायचं तर मागणीचा आकार सुधारला आणि प्रत घसरली.

आता तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे धंद्याला माल आणि आधार पुरवणाऱ्यांकडे. सुरुवात रेशमापासून करू. कच्च्या रेशमावर एक नैसर्गिक डिंक असतो. सोडा आणि साबणाच्या पाण्यात उकळून तो काढावा लागतो, नाहीतर रेशमाला ना चमक येते ना रंग नीट बसतो. या उकळण्यात वजन साधारण पाव हिश्श्यानं घटतं. म्हणजे किलोभर कच्चं रेशीम घेतलं तर हातात येतं पाऊण किलोच्या आसपास. बाजारात रेशमाचा भाव किलोमागे शंभर रुपयांनी वाढला तर तयार रेशमाला तो एकशे तीस-पस्तीसनं वाढल्यासारखा लागतो. छोटा विणकर हे रेशीम एका वेळी एक-दोन साड्यांपुरतं घेतो, तेही उधारीवर. भाव पडले असताना साठा करून ठेवण्याची त्याची ऐपत नसते. सरकारी सूतपुरवठा योजना आणि राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ याच कारणासाठी आहेत. पण घाऊक खरेदीच्या आणि कागदपत्रांच्या अटी एक माग चालवणाऱ्याला झेपतीलच असं नाही, आणि मग तो पुन्हा गावातल्या व्यापाऱ्याकडेच वळतो.

जरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुन्या नोंदींत येवला रेशमी कापडाबरोबरच सोन्याचांदीच्या तारेच्या कामासाठीही ओळखला जायचा. ती कारागिरी गेली आणि जर सुरतेची झाली. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. सोनं त्यात एका टक्क्याहूनही कमी असतं, किंमत मुख्यतः चांदीची. त्याखालची प्रत म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा थर दिलेली जर, आणि सगळ्यात स्वस्त ती प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची. नव्या साडीत तिन्ही जवळपास सारख्याच चमकतात. फरक कळायचा एक जुना उपाय म्हणजे जरीचा धागा नखानं खरवडणे. आत तांबडं दिसलं तर तांबं, लाल रेशीम दिसलं तर बहुधा खरी, पांढरा धागा दिसला तर हलकी प्रत. पण दुकानात कोणी आपल्या पैठणीची जर खरवडून देत नाही.

इथे अनेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: कच्चा माल लांबून येतो म्हणून येवला दुबळा. मला तो पटत नाही, आणि न पटण्याचं कारण कांचीपुरम आहे. तमिळनाडूतल्या त्या गावातही रेशीम कर्नाटकातून येतं आणि जर बरीचशी सुरतेची. तरीही तिथल्या साडीला वेगळी पत आहे, कारण तिथे आधार देणाऱ्या संस्था जवळ आहेत. १९७१ मध्ये स्थापन झालेली तमिळनाडू जरी लिमिटेड ही सरकारी कंपनी कांचीपुरमलाच जर बनवते आणि तिची प्रतही तपासते. क्ष-किरणांचा मारा करून धातूचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राखाली जर ठेवली की सोनं, चांदी, तांबं किती हे काही मिनिटांत कळतं, साडीला धक्काही लागत नाही. विणकरांच्या सहकारी संस्था तिथे मोठ्या आहेत. गिऱ्हाइकाला जे डोळ्यांनी कळत नाही ते तिसरं कोणी तरी तपासून सांगतं. लांबून येणारं रेशीम दोन्हीकडे सारखं आहे. येवल्यात कमी पडतो तो हा तिसरा माणूस.

आधाराच्या बाकीच्या गोष्टी येवल्यात ठीकठाक आहेत. रंगणी करणारे आहेत, माग उभा करणारे सुतार आहेत, ताणा तयार करून देणारे, संपलेल्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं एकेक करून पिळून जोडणारे आहेत. ही सांधणी तासन्‌तास चालते आणि त्यात घरातल्या बायकामुलांचा हात असतो, पण मजुरीच्या हिशेबात तो क्वचितच धरला जातो. विणकर सेवा केंद्रं मात्र मुंबईला आणि नागपूरला. म्हणजे नक्षीचा नमुना पाहिजे, रंगाची अडचण सोडवायची आहे, तर येवल्याच्या विणकराला दिवसाची मजुरी बुडवून जावं लागणार.

राहिली चौथी बाजू, चुरस. पैठण आणि येवला यांची तुलना इथेच खरी होते. पैठणला अनेक वर्षं महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. तिथे काम चांगलं होतं, पण एका मोठ्या आश्रयदात्याभोवती उभा राहिलेला धंदा त्याच्या वेगानंच चालतो. येवल्यात उलट घडलं. पेशवाईत इथल्या रेशीम व्यापाराला मक्तेदारीचं संरक्षण होतं, ते गावच्या संस्थापक रघोजी नाईकांच्या घराण्याला आणि त्यांच्या सोबतच्या व्यापाऱ्यांना मिळालेलं. इंग्रजी अमदानीत ती मक्तेदारी मोडली आणि मागांची मालकी पसरत गेली. आज विणणारा स्वतः विकू लागतो, त्याचा भाऊ वेगळं दुकान टाकतो, शेजारी मोठा शोरूम काढतो. नवा रंग, नवी नक्षी, पैठणीचं जाकीट, दुपट्टा, ब्लाऊजपीस हे सगळं याच चढाओढीतून आलं. पोर्टरला हवी असते तशी दाट, जवळजवळच्या घरांतली स्पर्धा इथे आहे.

पण चुरशीचे दोन प्रकार असतात आणि अहवालात ते वेगळे लिहिलेले फार कमी वेळा दिसतात. एक चुरस मालाची प्रत वर नेते, दुसरी भाव खाली आणते. कुठली चालू आहे हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. नवी नक्षी बाजारात आणणाऱ्याला तिचा फायदा किती दिवस घेता येतो ते विचारा. पदर समोर असला की जाणता विणकर धागे मोजून आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवू शकतो, आणि मग ती शेजारच्या मागावर चढते. नक्षीसाठी खर्च करणाऱ्याला त्या खर्चाची भरपाई मिळायच्या आत नक्कल स्वस्तात विकली जाते. मग शहाणा दुकानदार नक्षीवर पैसे घालत नाही, भावावर लढतो.

भावावरची लढाई कोणाच्या अंगावर येते ते एका गणितानं पाहू. आकडे मी गणितासाठी धरले आहेत, ते बाजारभाव म्हणून वाचू नयेत. समजा साध्या पदराची पैठणी दुकानात १२,००० रुपयांना विकली जाते आणि मागावर दहा दिवस लागतात. रंगवून तयार केलेलं ६०० ग्रॅम रेशीम ५,५०० रुपये किलोनं, म्हणजे ३,३०० रुपये. जर ९००. ताणा तयार करून घेण्याचे आणि इतर किरकोळ खर्चाचे ६००. विणकराची मजुरी ४,०००. झाले ८,८००. उरलेल्या ३,२०० रुपयांत व्यापाऱ्याचा नफा, दुकानाचं भाडं, उधारीचं व्याज आणि न खपलेल्या साड्यांचा तोटा.

समोरच्या दुकानानं तशीच दिसणारी साडी १०,५०० ला लावली. आता हे १,५०० रुपये कुठून काढायचे? रेशमाचा भाव बंगळूरला ठरतो, त्याला येवला हात लावू शकत नाही. दुकानाचं भाडं आणि व्याज ठरलेलं. उरतात तीन जागा. जर एका प्रतीनं उतरवायची, पाचशे-सहाशे सुटतात. ताण्यातले धागे विरळ करायचे आणि वजन थोडं घटवायचं, चारशे-पाचशे सुटतात. उरलेली चारशे-पाचशे रुपयांची फट मजुरीतून भरायची. गिऱ्हाइकाला पहिल्या दोन गोष्टी दिसत नाहीत, आणि विणकर तिसरी नाकारू शकत नाही, कारण त्यानं लग्नकार्याला किंवा आजारपणाला मालकाकडून उचल घेतलेली असते. दहा दिवसांच्या ४,००० रुपयांचे ३,५०० झाले की रोज चारशेचा साडेतीनशे होतो. एखाद्या बाहेरच्या माणसाला ही घट किरकोळ वाटेल. पण मजुरीच्या त्या आकड्यात सांधणी करणारी बायको आणि कांड्या भरणारी मुलगीही आहे, हे विसरून चालत नाही.

याच फटीतून यंत्रमागाची नक्कल आत येते. कर्नाटकातून आणि सुरतेकडून ‘सेमी पैठणी’ नावानं साड्या येतात, त्याच मोरांच्या, त्याच रंगांच्या, तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या भावात. साडी हातमागासाठी राखीव ठेवणारा कायदा १९८५ चा आहे आणि पैठणीला भौगोलिक मानांकनही २०१० च्या सुमारास मिळालं. पण मानांकन म्हणजे नावावरचा हक्क. तो बजावायचा तर कोणी तरी तक्रार करावी लागते, पुरावा द्यावा लागतो, आणि विणकरांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. शिवाय ज्या दुकानात मागच्या फळीवर अस्सल आणि पुढच्या फळीवर सेमी अशी दोन्ही मिळतात, तो दुकानदार तक्रार कशाला करेल? सिल्क मार्क रेशीम खरं आहे एवढं सांगतो, हॅण्डलूम मार्क हातमागाचं आहे एवढं सांगतो. जरीचं काय, धाग्यांच्या दाटीचं काय, पदर खरोखर कांड्यांनी विणला आहे की नाही, याचं उत्तर दोन्हींत नाही.

आता चारी बाजू एकत्र ठेवल्या की येवल्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते दिसतं. चुरस भरपूर आहे, मागणीही भरपूर आहे, फक्त दोघींमधली वाट बुजली आहे. चोखंदळ गिऱ्हाइकाचा दाब दुकानदारापर्यंत पोचत नाही, कारण गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. फरक दाखवून देणारी आधार-यंत्रणा दुबळी आहे. म्हणून भर टाकायची ती तिसऱ्या बाजूत. प्रशिक्षण शिबिरं भरवून आणखी विणकर तयार करणं, जे सरकारी योजनांत सर्वांत सोपं म्हणून सर्वांत जास्त होतं, ते या निदानाशी जुळत नाही. प्रतीची चाचणी नसताना विणकर वाढले तर भावाची लढाईच तीव्र होईल आणि मजुरी आणखी उतरेल.

जुळतं ते काम लहान आहे. येवल्यात एक जरी-चाचणीचं यंत्र, आणि ते दुकानदार संघाच्या किंवा एकट्या खात्याच्या ताब्यात न देता विणकर, व्यापारी आणि रेशीम खातं अशा तिघांच्या समितीकडे. साडीवर एक पट्टी: जर कुठल्या प्रतीची, ताण्यात इंचाला धागे किती, पदर कांड्यांचा की जकार्डचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी यंत्रानं आणि भिंगानं मोजता येतात. तिसरी पदर उलटा करून कळते. विणायला किती दिवस लागले हे मात्र कोणालाच तपासता येत नाही, म्हणून ते पट्टीवर छापू नये. आणि पट्टी सक्तीची करू नये. ज्याला जास्त भाव हवा त्यानं ती लावावी, बाकीच्यांनी न लावता विकावं.

या उपायाला मर्यादा आहेत. शोरूम मालक सुरुवातीला विरोध करतील, कारण पट्टी आली की न लावलेल्या साडीकडे बोट जातं. पट्टीचीही नक्कल होईल. स्वस्त साडी हवी असणारं गिऱ्हाईक सेमीच घेईल आणि त्यानं तसं घेऊ नये असं म्हणायचा कोणाला अधिकार नाही. उचलीची गाठही पट्टीनं सुटणार नाही, ती सोडवायला विणकराला स्वस्त कर्ज लागेल आणि कर्ज देणाऱ्या पतसंस्थेला विणकराच्या कामाचा हिशेब लागेल.

पट्टी लागू झाली तर तिचा परिणाम वर्ष-दीड वर्षानं तपासताना विकलेल्या साड्यांची संख्या मोजून उपयोग नाही. पट्टी लावलेली आणि न लावलेली, एकाच नक्षीची साडी घेऊन दोन्हींच्या भावातला फरक पाहावा. फरक वाढत असेल, तर पुढचा प्रश्न विणकराच्या घरी जाऊन विचारावा: त्या फरकातले किती रुपये मजुरीत आले? ते शून्य असतील, तर चाचणीचं यंत्र दुकानदाराच्या कामाला आलं आणि पुढची दुरुस्ती उचलीच्या व्यवहारात करावी लागेल.